तिरीप कुठे गेली? फ्रॉक्सेल धुक्यात कवडसे विरघळतात तेव्हा

गेमसाठी त्रिमिती धुकं करणाऱ्या नव्या माणसाकडून हा प्रश्न दर काही महिन्यांनी येतो आणि दर वेळी एकाच स्वरूपात येतो: "रेमार्चिंगने कवडसे छान दिसत होते, पण फ्रेम जड झाली. म्हणून फ्रॉक्सेल धुकं घेतलं. फ्रेम हलकी झाली, पण कवडसे गेले. आहेत तिथे मण्यांच्या माळेसारखे तुटक दिसतात आणि कॅमेरा फिरवला की थरथरतात." सेटिंगमधले सगळे स्लायडर उजवीकडे ओढून झालेले असतात. काहीच हाती लागलेलं नसतं, फक्त खर्च परत वाढलेला असतो.

मी स्वतः यात दोनदा अडकलोय. दुसऱ्या वेळचा देखावा इथे घेतो, कारण त्यातले आकडे सोपे आहेत. एक जुनी कौलारू वखार आहे, २४ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, आढं साधारण ६ मीटरवर. छपरातली डझनभर कौलं फुटलेली, प्रत्येक भोक जेमतेम १२ सेंटिमीटरचं. बाहेर लख्ख ऊन, आत धूळ. कॅमेरा दारात उभा, आडवा दृष्टिकोन ९० अंश, पडदा १९२० × १०८०. हवं ते एवढंच, की प्रत्येक फुटक्या कौलातून उन्हाची एक तिरीप खाली उतरावी.

आधी दोन गोष्टी बाद करून टाका, म्हणजे पुढचा वेळ वाचेल. सूर्य चौकटीबाहेर गेला की किरण एकदम नाहीसे होत असतील, तर तुमच्याकडे फ्रॉक्सेलही नाही आणि रेमार्चिंगही नाही. तो पडद्यावरचा रेडियल ब्लर आहे. त्याला सूर्याचा ठिपका चित्रात लागतो, त्यामुळे वखारीत त्याचा उपयोग शून्य.

दुसरी तपासणी शॅडो मॅपची. कवडसा म्हणजे अखेर सावलीतलं भोक. ते भोक शॅडो मॅपमध्येच नसेल, तर पुढचं तंत्र कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. २०४८ चा मॅप १०० मीटरच्या कॅस्केडवर पसरला असेल तर एक टेक्सेल जवळजवळ ५ सेंटिमीटरचा होतो. १२ सेंटिमीटरचं भोक म्हणजे अडीच टेक्सेलसुद्धा नाहीत, आणि सावली मऊ करणारा फिल्टर तेही पुसून टाकतो. त्यामुळे आधी जमिनीवर पडलेला उन्हाचा ठिपका बघा. तोच फिकट किंवा गायब असेल तर धुक्याला हात लावू नका. सूर्यासाठी फक्त वखारीपुरता एक वेगळा मॅप करा. २४ मीटर २०४८ टेक्सेलांत बसवले की टेक्सेल सव्वा सेंटिमीटरच्याही आत येतो. भोकं टेक्स्चरच्या अल्फातून कापली असतील तर सावलीच्या पासमध्येही अल्फा टेस्ट चालू आहे ना, तेही बघा. पहिल्या वेळी माझा अख्खा दिवस यातच गेला होता.

जमिनीवरचा ठिपका ठणठणीत आहे आणि हवेतली तिरीप मात्र नाही, असं असेल तर पुढे वाचा.

खर्च नेमका कशाचा

रेमार्चिंगमध्ये प्रत्येक पिक्सेलमधून एक किरण निघतो. तो ठरावीक टप्प्यांवर थांबतो आणि प्रत्येक थांब्यावर शॅडो मॅपला विचारतो, की इथे ऊन आहे का. पूर्ण पडद्यावर ६४ टप्पे घेतले तर १९२० × १०८० × ६४, म्हणजे १३ कोटी २७ लाख विचारणा होतात. अर्ध्या रेझोल्यूशनवर, म्हणजे ९६० × ५४० वर, ३ कोटी ३२ लाख.

फ्रॉक्सेल म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टिशंकूचे केलेले कप्पे. पडदा ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत कापायचा, खोलीचे ६४ थर करायचे, आणि प्रत्येक कप्प्यात प्रकाश एकदाच मोजायचा. मग पुढून मागे थरांची बेरीज करत जायचं. पिक्सेल रंगवताना या त्रिमिती टेक्स्चरमधून एक वाचन पुरतं. ही मांडणी बार्ट व्रॉन्स्की यांनी २०१४ च्या सिग्राफमध्ये 'असॅसिन्स क्रीड ४' च्या संदर्भात मांडली. त्यांची जाळी १६० × ९० × ६४ अशी होती. पुढच्याच वर्षी सेबास्तियन इलेर यांनी फ्रॉस्टबाइटसाठी ती भौतिक पायावर आणखी पक्की केली. आज अनरियल आणि गोदो या दोन्हींच्या धुक्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

आपल्या पडद्याला हे लावू. २४० × १३५ × ६४ म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० कप्पे. आता १९२० ला १०८० ने गुणून बघा, उत्तर तेच येतं! यात जादू काही नाही, ८ × ८ म्हणजेच ६४. पण हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे: फ्रॉक्सेलचा सगळा खर्च म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे फक्त एक टप्पा टाकणाऱ्या रेमार्चिंगएवढा. पूर्ण रेझोल्यूशनच्या ६४ टप्प्यांपेक्षा तो ६४ पट कमी, अर्ध्या रेझोल्यूशनपेक्षा १६ पट कमी. दिवे वाढले की दोन्हीकडे गुणाकार होतो, पण एकीकडे कोटींचा आणि दुसरीकडे लाखांचा. शिवाय काच, धूर, उडणारी पिसं अशा पारदर्शक वस्तूंना आपापल्या खोलीवर धुकं आयतं मिळतं. रेमार्चिंगचा निकाल मागच्या भिंतीपर्यंतचा एकच असतो, त्यामुळे अशा वस्तूंवर तो चुकीचा बसतो.

याची किंमत मेमरीत मोजावी लागते. प्रति कप्पा ८ बाइट धरले तर एक जाळी साधारण १६ मेगाबाइटची होते. प्रकाश, मागच्या फ्रेमची हिस्टरी आणि बेरीज अशा तीन जाळ्या लागतात. मोबाइलवर हीच बाब आडवी येते.

आपल्या देखाव्यात नक्की कोण खर्च करतंय ते ओळखायला पडद्याचं रेझोल्यूशन निम्मं करा आणि फक्त धुक्याच्या पासची वेळ बघा. रेमार्चिंग असेल तर ती चौथाईवर येते. जाळी ठरलेल्या आकाराची असेल तर ती हलतसुद्धा नाही. इथे एक खोच आहे: अनरियलमध्ये जाळी पिक्सेलांना बांधलेली असते, `r.VolumetricFog.GridPixelSize` ने, त्यामुळे तिथे फ्रॉक्सेलचा खर्चही उतरतो. एवढ्यावरून तिथे रेमार्चिंग चालू आहे असं समजू नका.

तिरीप का हरवते

आता त्या एका कप्प्याकडे जवळून बघू. ९० अंशांच्या दृष्टिकोनात १० मीटर अंतरावर पडद्याच्या रुंदीत २० मीटर मावतात. २४० ने भागलं की एक कप्पा ८ सेंटिमीटर रुंद. म्हणजे १२ सेंटिमीटरची तिरीप जेमतेम दीड कप्प्याची. ४ मीटरवर ती साडेतीन कप्पे भरते आणि बरी दिसते. २० मीटरवर, म्हणजे वखारीच्या मागच्या भिंतीजवळ, ती एक कप्पाही पुरता भरत नाही. जवळची तिरीप ठीक आणि लांबची धूसर डाग, ही तक्रार इथूनच येते.

हे तपासायला गणिताचीही गरज नाही. स्क्रीनशॉट घ्या, जिथे तिरीप असायला हवी तिथली तिची रुंदी पिक्सेलांत मोजा, आणि कप्प्याच्या पिक्सेल-रुंदीने भागा. उत्तर दोनच्या खाली असेल तर ती जाळी ती तिरीप दाखवू शकत नाही, तुम्ही दुसरं काहीही फिरवलंत तरी. गोदोमध्ये `volume_size` मुळात ६४ असतो, म्हणजे १०८० च्या पडद्यावर एक कप्पा वीसहून जास्त पिक्सेल रुंद. तिथे पन्नासेक पिक्सेलपेक्षा बारीक तिरिपेची आशाच धरू नका.

खोलीच्या दिशेने अवस्था आणखी वाईट आहे. अर्ध्या मीटरपासून ६४ मीटरपर्यंत घातांकी पद्धतीने ६४ थर केले तर प्रत्येक थर आपल्या अंतराच्या सुमारे ८ टक्के जाड असतो. १० मीटरवर ७८ सेंटिमीटर. म्हणजे कप्पा हा ठोकळा नसून फळी आहे, ८ सेंटिमीटर रुंद आणि ७८ सेंटिमीटर लांब. त्या फळीत एकाच बिंदूवर विचारायचं, की ऊन आहे का. तिरीप त्या लांबीतली १२ सेंटिमीटर व्यापते, म्हणून साडेसहापैकी एखाद्या वेळी उत्तर "हो" येतं.

यावर उपाय म्हणून जिटर असतो. दर फ्रेमला बिंदू थोडा सरकवायचा आणि मागच्या फ्रेमांशी सरासरी करायची. सरासरी तत्त्वतः बरोबर येते. पण जिटरचा क्रम ८ फ्रेमांचा असेल तर एखाद्या कप्प्याला आठात एकदा ऊन लागतं आणि शेजारच्याला दोनदा. शेजारचा कप्पा दुप्पट उजळ! मण्यांची माळ म्हणतात ती हीच. क्रम १६ चा केला की २ विरुद्ध ३ असा फरक उरतो, आणि माळ बरीच सपाट होते. क्रमाच्या जागी निव्वळ रँडम आकडे वापरलेत तर माळ जाते, पण तिची जागा थरथर घेते.

म्हणून निदानासाठी हिस्टरी बंद करून बघा. अनरियलमध्ये:

```
r.VolumetricFog.TemporalReprojection 0
r.VolumetricFog.Jitter 0
```

दोन्ही बंद केल्यावर तिरीप मोठ्या पायऱ्यांसारखी दिसली, तर दोष कप्प्याच्या आकाराचा. रीप्रोजेक्शन बंद असताना अनरियलमध्ये जिटर लागूच होत नाही, म्हणून मग दोन्ही परत चालू करा आणि `r.VolumetricFog.HistoryWeight` ०.१ वर आणा; त्या पायऱ्या उकळल्यासारख्या हलू लागल्या, तर नमुने कमी पडताहेत. दोन्हींपैकी काहीच न दिसता नुसता सपाट धुरकटपणा दिसला, तर परत शॅडो मॅपकडे जा.

इथे सगळे एक सल्ला देतात: धुक्याचं कमाल अंतर कमी करा. तो अर्धाच खरा आहे. अंतर ६४ वरून ३२ मीटरवर आणलं तर थर सारख्या जाडीचे असताना जाडी १ मीटरवरून अर्ध्यावर येते, मोठा फायदा. पण घातांकी मांडणीत १० मीटरवरचा थर ७८ वरून जेमतेम ६७ सेंटिमीटर होतो. आणि रुंदीवर काहीच परिणाम नाही, कारण रुंदी चौकोनाच्या पिक्सेलांवर ठरते, अंतरावर नाही.

थर ६४ चे १२८ केले तर खर्च दुप्पट आणि थरथर कमी. चौकोन ८ चा ४ पिक्सेल केला तर खर्च चौपट, ८३ लाख कप्पे, प्रत्येक जाळी ६६ मेगाबाइटची, आणि २० मीटरवरची तिरीप तरीही दीडच कप्प्याची. या वाटेने जाऊ नका. फ्रॉक्सेलचा स्वस्तपणा धुकं मऊ असतं या गृहीतावर उभा आहे, आणि तिरीप मऊ नसते.

थोडं विषयांतर: ती अगदी सुरीसारखी धारदारही नसते. सूर्याची थाळी आकाशात अर्ध्या अंशाची आहे. भोकापासून जमिनीपर्यंतच्या ७ मीटरच्या तिरक्या वाटेत तिरिपेची कड साडेसहा सेंटिमीटर पसरते. १२ सेंटिमीटरच्या तिरिपेची निम्मी रुंदी कडेतच जाते. आर्टिस्टने "अजून शार्प" म्हटलं की मी हा आकडा पुढे करतो. कधीकधी चालतो.

मग रेमार्चिंगकडे परत?

सरळ परत जाण्यातही अर्थ नाही. २० मीटरच्या आतल्या हवेत ६४ टप्पे टाकले तर दोन टप्प्यांत ३१ सेंटिमीटर अंतर पडतं. १२ सेंटिमीटरची तिरीप तिथेही बहुतेक वेळा दोन थांब्यांच्या मधून निसटते. जिटर आणि टीएए मिळून ते सावरतात, आणि बाजूची बारीकी दोन पिक्सेलची असल्यामुळे चित्र छान दिसतं. पण ३ कोटी विचारणांपैकी बहुतेक सगळ्या अंधाऱ्या हवेत वाया जातात. टप्पे १६ वर आणले तर अंतर सव्वा मीटर होतं, थरथर फ्रॉक्सेलपेक्षाही वाढते, आणि ती पुसायला लावलेला ब्लर तिरीपच जाड करतो. खर्चही झाला आणि तिरीपही गेली.

वाया जाणं थांबवायचं असेल तर किरण फक्त तिथेच चालवा जिथे तिरीप असू शकते. वखारीत भोकं डझनभर आहेत आणि सूर्य स्थिर आहे. म्हणून प्रत्येक भोकातून सूर्यकिरणांच्या दिशेने खाली जमिनीपर्यंत एक तिरकी पेटी काढा, भोकापेक्षा कडेने चारेक सेंटिमीटर मोठी. त्या पेट्या पडद्यावर काढायच्या, आणि शेडरमध्ये किरण पेटीत शिरतो तिथपासून बाहेर पडतो तिथपर्यंत फक्त चार टप्पे टाकायचे. चारही थांबे तिरिपेतच किंवा तिच्या अगदी कडेला पडतात.

```glsl
vec2 hit = intersectBeam(camPos, dir, beam);
float t0 = max(hit.x, 0.0);
float t1 = min(hit.y, sceneDist);
if (t1 <= t0) discard;

float dt = (t1 - t0) / 4.0;
float t  = t0 + dt * noise(gl_FragCoord.xy);
float L  = 0.0;
for (int i = 0; i < 4; i++, t += dt) {
    vec3 p = camPos + dir * t;
    L += froxelFog(p).a * sunShadow(p) * dt;
}
outColor = vec4(sunColor * sigmaS * phase * L, 0.0);
```

पेट्या मिळून पडद्याचा दहावा भाग व्यापतात असं धरू. २ लाख ७ हजार पिक्सेल, प्रत्येकी चार टप्पे, म्हणजे पूर्ण रेझोल्यूशनवर ८ लाख ३० हजार विचारणा. फ्रॉक्सेलच्या खर्चाच्या निम्म्याहूनही कमी, आणि ब्लरची गरज नाही. दोन पेट्या एकावर एक आल्या तर प्रकाश बेरजेनेच मिसळायचा असतो, त्यामुळे साधं ॲडिटिव्ह ब्लेंडिंग पुरतं.

`froxelFog(p).a` ही ओळ सोडू नका. कॅमेऱ्यापासून त्या बिंदूपर्यंत धुक्यातून किती प्रकाश उरतो हे फ्रॉक्सेलच्या बेरजेच्या जाळीत आधीच मोजलेलं असतं. ते न गुणता तिरीप काढली तर लांबच्या तिरिपा धुक्याच्या पुढे चिकटवल्यासारख्या दिसतात. `sunShadow` ही ठेवा, म्हणजे खालून माणूस गेला की तिरीप तुटते.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला, कॅमेरा पेटीच्या आत शिरला की समोरच्या बाजू कापल्या जातात आणि तिरीप गुप्त होते. म्हणून पेटीच्या फक्त मागच्या बाजू रंगवा, डेप्थ टेस्ट बंद ठेवा, आणि भिंतीशी थांबायचं काम `sceneDist` वर सोपवा. दुसरा, दुहेरी मोजणी. तेच ऊन फ्रॉक्सेलमध्येही मोजलं जातं, त्यामुळे प्रत्येक तिरिपेभोवती एक सुजलेला धूसर पट्टा राहतो. स्वतःचं इंजिन असेल तर फ्रॉक्सेलला जो शॅडो मॅप देता त्यात भोकं बुजवलेलं छप्पर वापरा. दारातून येणारं रुंद ऊन फ्रॉक्सेलकडेच राहू द्या, ते त्याला उत्तम जमतं. तयार इंजिनमध्ये असं वेगळं छप्पर देता आलं नाही तर पेटीची तीव्रता थोडी उतरवा. तो धूसर पट्टा मग उन्हाभोवतीच्या धुळीसारखा खपून जातो.

शेपूट

कवडसे जाग्यावर आले की पुढची तक्रार हमखास येते: दार लोटलं तरी उजेड हवेत रेंगाळतो, किंवा टॉर्चमागे प्रकाशाचं शेपूट येतं. हे हिस्टरीचं काम. जुन्या फ्रेमचं वजन ०.९५ असेल तर जुना प्रकाश एक दशांशावर यायला ४५ फ्रेम लागतात, म्हणजे ६० च्या वेगाने पाऊण सेकंद आणि ३० च्या वेगाने दीड. ०.९ केलं तर २२ फ्रेम. त्याखाली गेलात की माळ परत दिसू लागते. आता बारीक तिरिपा पेट्यांकडे गेल्या असल्यामुळे फ्रॉक्सेलमध्ये फक्त मऊ प्रकाश उरलाय, म्हणून मी निर्धास्तपणे ०.९ च्याही खाली, ०.८५ पर्यंत जातो. टॉर्चचा शंकूही एका पेटीसारखाच वेगळा काढता येतो, त्याला हिस्टरी लागतच नाही.

पेट्यांचा हा मार्ग भोकं मोजता येतात तोवरच चालतो. झाडाच्या पानांतून येणारं ऊन असेल तर हजारो पेट्या काढणं शक्य नाही. तिथे मी अर्ध्या रेझोल्यूशनचं रेमार्चिंग घेतो, पण किरणाची सुरुवात आणि शेवट झाडांच्या उंचीच्या पट्ट्याला कापून, आणि ब्लू नॉइजचा जिटर देऊन. सूर्य हलत असेल तर पेट्या दर फ्रेमला पुन्हा काढा, बारा पेट्यांचे कोपरे मोजायला सीपीयूला काहीच वेळ लागत नाही. ढग आला की मात्र `sunColor` सोबत पेट्याही बंद करा. मी ते विसरलो होतो, आणि टेस्टरने पावसाळी संध्याकाळी वखारीत लख्ख ऊन पडल्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता.